न्यूयॉर्कचे नऊ, तीर्थपुरीचे साडेसात

न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या कंपनीला जमाखर्च लिहायला घरून काम करणारा माणूस हवा आहे. काम अर्धवेळ, आठवड्याला 20 तास. अट एकच, पण पक्की: तिथले ऑफिस 9 ते 5 चालू असताना रोज किमान 3 तास दोघे एकाच वेळी कामावर असावेत. बिल सापडत नाही, रक्कम जुळत नाही, अशा शंका तिथल्या तिथे विचारून मिटवाव्या लागतात. विचारणारा झोपल्यावर उत्तर आले तर नोंद दुसऱ्या दिवसावर जाते.

अर्ज तपासायची रीत कळावी म्हणून दोन कल्पित अर्ज घेऊ. पहिला घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीहून आलेला. मुलगी बी.कॉम. झालेली आहे, जालन्यातल्या एका सीएच्या ऑफिसात टॅलीवर काम केलेली, आणि आता घरून काम शोधते आहे. तिने वेळ लिहिली आहे: संध्याकाळी 6 ते रात्री 10, सोमवार ते शुक्रवार. दुसरा अर्ज पुण्याचा. त्याला क्विकबुक्सचा आणि अमेरिकी हिशेबाचा चांगला अनुभव आहे, पण दिवसभराची नोकरीही आहे. तो सोमवार ते शुक्रवार रात्री 8.30 ते 10.30 आणि शनिवारी 10 तास देतो. दोघांचेही आठवड्याचे तास 20 भरतात.

गुणांची वाटणी अशी: कौशल्याला 50, एकत्र वेळेला 30, आठवड्याच्या तासांना 20. कौशल्यात तीर्थपुरीच्या मुलीला 36 आणि पुण्याच्या तरुणाला 45 मिळाले. तासांचे 20 दोघांनाही पूर्ण. आता उरली वेळ, आणि खरी गंमत इथेच आहे.

भारतात घड्याळ वर्षभर एकच चालते. न्यूयॉर्कमध्ये मात्र ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे होते. त्यामुळे न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे 6.30, आणि हिवाळ्यात 7.30. मुलीची 6 ते 10 ही वेळ उन्हाळ्यात साडेतीन तास जुळते, हिवाळ्यात अडीचच. अर्ज जुलैत तपासला तर ती अट सहज पार करते. 1 नोव्हेंबर 2026 ला तिथले घड्याळ मागे गेले की तीच मुलगी, तेच वेळापत्रक ठेवून, अटीत बसत नाही. म्हणून हिशेब नेहमी वाईट मोसमाचा धरायचा.

त्या हिशेबाने, 3 तासांना पूर्ण 30 गुण धरून, मुलीला एकत्र वेळेचे 25 आणि पुण्याच्या तरुणाला, त्याचे दोन्ही मोसमांत 2 तास धरून, 20 गुण मिळतात. बेरीज 81 आणि 85. म्हणजे जो रोज एक तास कमी पडतो तोच वर! कौशल्याच्या गुणांनी वेळेची तूट झाकली गेली. किमान अटीचे गुण बेरजेत टाकले की हे होतेच. म्हणून 3 तासांची अट आधी चाळणी म्हणून लावायची आणि त्यातून जे उतरतील त्यांचीच बेरीज मांडायची.

पण चाळणीत दोघेही अडकतात. अर्ज बाजूला टाकण्याआधी दोघांनाही एकच प्रश्न पाठवायचा: नोव्हेंबर ते मार्च रोज 3 तास पुरे होतील अशी वेळ सरकवता येईल का? मुलगी कळवते, त्या महिन्यांत 6.30 ते 10.30 बसेन. तिचे तास 20 च राहिले, एकत्र वेळ मात्र 3 तास झाली, बेरीज 86. तरुण कळवतो, रात्री 11.30 पर्यंत आठवड्यातून दोनच दिवस जमेल. त्याचा अर्ज इथे थांबतो. अडचण कौशल्याची नव्हतीच, त्यामुळे वेळेची अट नसलेल्या कामासाठी तो राखून ठेवता येतो.

अर्जातले काही शब्द फसवे असतात. ‘वेळेबाबत फ्लेक्सिबल’ याला शून्य गुण, घड्याळाचे आकडे येईपर्यंत. IST हे भारताचे, इस्राएलचे आणि आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचेही संक्षिप्त रूप आहे. त्यापेक्षा `Asia/Kolkata` लिहिलेले बरे. अनेकजण वर्षभर EST लिहितात, पण उन्हाळ्यात न्यूयॉर्क EDT वर असते, आणि शब्दशः वाचले तर तासाभराची चूक होते.

गावाचे नाव पाहून गुण कापायचे नाहीत. वीज गेली तर इंटरनेट आणि लॅपटॉप किती वेळ चालतील, हा प्रश्न तीर्थपुरीला विचारला तर पुण्यालाही विचारायचा. संध्याकाळचीच वेळ का, घरात लहान मूल आहे का, हे कुणालाच विचारायचे नाही. लागतात ते फक्त तास.

तरी 86 हा आकडा कागदावरच्या वेळेचा आहे. ती वेळ खरोखर मिळते का, हे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शंकांना उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून कळते. त्यामुळे निवडीच्या फायलीत दोन तारखा आधीच लिहून ठेवलेल्या असतात: 1 नोव्हेंबर 2026 आणि 14 मार्च 2027.