गच्चीवरचं पाणी: नकाशातला शेवटचा बाण

पर्जन्यजल संधारणाचा नकाशा हाती आला की सोसायटीत चर्चा सुरू होते ती टाकीची: केवढी घ्यायची, कुठे पुरायची. नकाशात वर गच्ची, तिच्यापासून खाली येणारे पावसाळी पाइप, मग फिल्टर, त्यापुढे टाकी, आणि टाकीच्या कडेला एक छोटा बाण असतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘ओव्हरफ्लो’. त्या बाणाकडे सहसा कुणी बघत नाही.

पुण्यातली एक इमारत धरू. गच्ची ३०० चौरस मीटर, टाकी २० हजार लिटरची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जोराच्या दिवशी ६० मिलिमीटर पडला तर गच्चीवर १८ हजार लिटर येतं. भिजण्यात, उडण्यात आणि सुरुवातीचं मळकं पाणी सोडण्यात पाचवा हिस्सा गेला, तरी टाकीकडे १४,४०० लिटर निघतं. अशी झड तीन दिवस लागली तर ४३,२०० लिटर. फ्लश आणि धुण्यासाठी रोज २ हजार लिटर उपसलं, तरी टाकीत ३७,२०० लिटरची सोय हवी. टाकी आधी रिकामी असेल तर १७,२०० लिटर बाहेर पडेल. भरलेली असेल तर सगळंच. म्हणून पावसाळ्यात ही टाकी जपून ठेवायची नसते, वापरून रिकामी करत राहायची असते.

बाहेर पडणारं हे पाणी गाळलेलं असतं. ते गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात किंवा कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये न्यावं. बाण नेमका कुठे संपतो, हे नकाशात आधी बघायचं ते यासाठी. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपाएवढा तरी जाड हवा आणि त्याच्यापेक्षा खालच्या पातळीवर हवा. नाहीतर टाकी तुंबून पाणी फिल्टरमध्ये उलटं चढतं. तोंडावर जाळी हवी, म्हणजे डास आणि उंदीर आत शिरत नाहीत. मैल्याच्या लाइनला तो कधीच थेट जोडू नये, कारण ती तुंबली की घाण टाकीत येते.

फिल्टरच्या आधी पहिलं पाणी सोडून देणारा व्हॉल्व्ह दाखवलेला हवा. उन्हाळाभर साचलेली धूळ, पानं, कबुतरांची विष्ठा या पहिल्या सरीत वाहते. एवढ्या गच्चीसाठी सुरुवातीचं एक मिलिमीटर, म्हणजे ३०० लिटर, तरी बाजूला काढावं.

फिल्टरमध्ये मोठे दगड, खडी आणि जाड वाळू यांचे थर असतात. वाळू गाळानं भरली की पाणी झिरपत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: बाहेर पाऊस कोसळतोय, फिल्टरच्या चेंबरमध्ये पाणी काठोकाठ आहे, पण टाकीची पातळी हलत नाही. मग वरची वाळू काढून धुवावी. म्हणून नकाशात चेंबरचं झाकण पार्किंगच्या गाडीखाली येत नाही ना, हेही मंजुरीआधी तपासावं.