किती घावांत शत्रू पडावा?

रोल-प्लेइंग गेममध्ये नायक लेव्हलगणिक बळकट होतो, म्हणून शत्रूही वाढवावे लागतात. सोपा मार्ग म्हणजे शत्रूची हेल्थ दर लेव्हलला वीस टक्क्यांनी वाढवणे. घोळ इथेच होतो.

समजा, पहिल्या लेव्हलला नायकाचा घाव 10 आणि शत्रूची हेल्थ 30 आहे. तीन घावांत काम तमाम. नायकाचा घाव दर लेव्हलला 3 ने वाढतो. दहाव्या लेव्हलला तो 37 होतो आणि शत्रूची हेल्थ 155, म्हणजे पाच घाव; हे ठीक आहे. विसाव्या लेव्हलला मात्र घाव 67 आणि हेल्थ 958. आता पंधरा घाव लागतात! एकीकडे साधी बेरीज, दुसरीकडे चक्रवाढ. खेळाडूला ही लढाई कठीण वाटत नाही, कंटाळवाणी वाटते.

म्हणून मला उलटा हिशेब पटतो. आधी घाव ठरवायचे: विसाव्या लेव्हलला शत्रू पाच घावांत पडावा. 67 गुणिले 5, हेल्थ 335. नायकाची हेल्थ तेव्हा 192 असेल आणि त्याने सहा फटके सोसावेत असे वाटत असेल, तर शत्रूचा फटका 32.

तरी एक खाच उरते. घाव अर्धा नसतो. पहिल्या लेव्हलला 30 ऐवजी 31 हेल्थ दिली, की तीनाचे चार घाव होतात. आलेखावर रेष गुळगुळीत दिसते, खेळताना मात्र पायरी लागते. त्यामुळे प्रत्येक लेव्हलला, आणि नवी तलवार मिळते तिथे तर हमखास, घाव मोजून पाहावे लागतात.