‘पत्ते गळले’ला किती गुण?

माझं माहेर निपाणीचं, सासर पांढुर्ण्याचं. दोन भाषांची सरमिसळ मला दोन्हीकडे भेटली. तिकडे कन्नडची, इकडे हिंदीची. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके 2023 मध्ये छिंदवाड्यातून निघून वेगळा जिल्हा झाले, पण घराघरांतली मराठी जुनीच आहे.

सातवीच्या मुलांना मी लिहायला दिलं होतं : ‘घरच्या मोठ्यांना विचारून संत्र्याच्या बहाराची माहिती लिहा.’ एका मुलाने लिहिलं, ‘दादाजीने पाणी बंद केलं. पत्ते गळले. मग पाणी दिल्यावर फूल आले.’ बागेला ताण देणं म्हणजे काय, ते या पोराने तीन ओळींत सांगितलं होतं. मी वीसपैकी 15 गुण दिले, सौंसरच्या मैत्रिणीने तीच वही तपासून 7. तिला ‘पत्ते’ खटकले होते!

मग आम्ही दोघींनी गुणदानाचा तक्ता करायला घेतला. निकष तीन : माहिती 8, कारण-परिणाम 8, भाषा 4. प्रत्येकाच्या चार पातळ्या. पहिल्या खेपेला ‘उत्तम, चांगले, बरे’ असं लिहिलं आणि फसलो. माझं ‘चांगलं’ तिचं ‘बरं’ निघालं. ‘पाच मुद्दे’ अशी अट घालून पाहिली, तर मुलांनी एकच मुद्दा पाच वेळा फिरवला.

शेवटी वहीत डोळ्यांना काय दिसतं, तेच लिहिलं. कारण-परिणामात सुटी, अर्धवट वाक्यं असली तर पहिली पातळी, 2 गुण. कामांची नुसती यादी दुसरी, 4 गुण. काम आणि त्याचं कारण तिसरी, 6. काम, कारण आणि झालेला परिणाम जोडलेला असेल तर चौथी, 8. भाषेत फक्त एवढंच पाहायचं, की अर्थ अडतो का. ‘पत्ते गळले’ वाचून कुणी खेळातले पत्ते समजणार नाही. पण निपाणीकडचं मूल पावसाला कन्नडमधला ‘मळे’ लिहील, तर वाचणाऱ्याला शेतातले मळे दिसतील; तिथे गुण जायला हवा. आणि भाषेची चूक भाषेतच मोजायची, माहितीचे गुण तिच्यापायी कापायचे नाहीत.

त्याच वहीला पुन्हा वेगवेगळे गुण दिले. माहिती 6 आणि भाषा 2, इथे एकमत. कारण-परिणामाला मात्र मी 8 दिले, तिने 6. का? तर ‘म्हणून’ हा शब्द कुठेच नव्हता. दोष तक्त्याचा होता. आम्ही जोडलं : ‘घटनांच्या क्रमातून कारण कळत असेल तर धरावे.’ आता दोघींचे 16 झाले.

पुढच्या वेळी हा तक्ता मुलांना लिहिण्याआधीच दिला. त्या पोराने तो वाचला आणि विचारलं, ‘मॅडम, मग पत्ते चालते न?’