मूड आणि ऊर्जेची दोन आठवड्यांची नोंद: वेळापत्रक कधी आणि कसे बदलावे?

नैराश्याच्या उपचारात गोळ्यांबरोबर दिवसाचे वेळापत्रक आखून दिले जाते. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी याच पद्धतीने सहा ते आठ बैठकांत रुग्णांना मदत केली. त्या अभ्यासाचे चांगले निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र पहिले वेळापत्रक हा अंदाजच असतो. तो कुठे चुकला हे रोजच्या नोंदीवरून कळते.

नोंद कशी ठेवावी?

साधी वही पुरते. सकाळी, दुपारी आणि रात्री, ठरलेल्या वेळी दोन आकडे लिहावेत: मूड आणि ऊर्जा, प्रत्येकी 0 ते 10. शेजारी त्या वेळी काय करत होतो ते दोन-तीन शब्दांत लिहावे. आकड्यांचा अर्थ आधी ठरवून घ्यावा. उदाहरणार्थ, ऊर्जा 2 म्हणजे आंघोळही जड वाटते आणि 5 म्हणजे रेटून कामे होतात. हे ठरवले नाही तर बहुतेक जण रोज 5 लिहितात आणि नोंद निरुपयोगी होते.

मूड आणि ऊर्जा वेगळ्या लिहिण्याला कारण आहे. मूड ठीक, पण ऊर्जा सतत कमी असेल तर झोप, हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर किंवा औषधाची गुंगी यांकडे पाहावे लागते. तिथे वेळापत्रक बदलून फार उपयोग नाही.

तिन्ही वेळांचे आकडे रात्री एकदम आठवून लिहू नयेत. रात्री उदास असलेल्या माणसाला सकाळही उदासच आठवते. एखादी नोंद राहिली तर ती जागा कोरी सोडावी.

एक उदाहरण

समजा, मनवेलपाड्यात राहणारे 42 वर्षांचे गृहस्थ आहेत. नोकरी चर्चगेटला, विरार लोकलचा प्रवास, रविवारी सुटी. नैराश्यासाठी गोळ्या सुरू आहेत. वेळापत्रकात पहाटे पाचला फिरणे लिहिले होते. 14 दिवसांत ते तीनदाच जमले. घरच्यांना तो आळस वाटला, पण वहीत सकाळच्या ऊर्जेची सरासरी 2 आणि दुपारची 5 निघाली. नैराश्यात अनेकांची सकाळच सर्वांत जड असते. म्हणजे चूक वेळ ठरवण्यात होती.

दुसरी गोष्ट शेजारच्या शब्दांतून दिसली. बारा कामाच्या दिवसांपैकी पाच संध्याकाळी ते विरार स्टेशनवरून चालत घरी आले होते. त्या रात्रींचा मूड 6, 7, 6, 6, 5 होता, सरासरी 6. शेअर रिक्षाने आलेल्या सात रात्रींची सरासरी 4 होती.

इथे थोडे थांबायला हवे. चालल्यामुळे मूड सुधारला, की मूड बरा होता म्हणून ते चालले? दुपारचे आकडे पाहिल्यावर पाचपैकी तीन दिवशी मूड आधीच 6 होता. म्हणजे निष्कर्ष अजून पक्का नाही. म्हणून पुढचे दोन आठवडे चालण्याचे वार आधीच ठरवले: सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या दिवशी मूड कसाही असला तरी चालायचे, इतर दिवशी रिक्षा. पहाटेचे फिरणे काढले. गोळ्या, जेवण, झोप यांत काहीच बदल नाही. एका वेळी चार बदल केले तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही.

दोन आठवडेच का?

तेवढ्यात प्रत्येक वार दोनदा येतो. एखादे भांडण किंवा लोकलचा खोळंबा एका दिवसाचा आकडा पाडतो, सरासरी फारशी नाही. चौथ्या दिवशीच वेळापत्रक बदलणे ही सर्वांत नेहमीची चूक. घरच्यांनी लिहिण्याची आठवण जरूर करावी, पण रोज “आज किती?” असे विचारू नये. मग रुग्ण घरच्यांना बरे वाटावे म्हणून वाढवून लिहू लागतो.

वही घेऊन डॉक्टरांकडे कधी यावे?

दोन्ही आठवडे मूड बहुतेक वेळा 3 च्या खाली राहिला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. झोप चार तासांवर आली आणि तरीही ऊर्जा 9-10 राहू लागली, बोलणे किंवा खर्च वाढला, तर ती सुधारणा समजू नये. हे उन्मादाचे लक्षण असू शकते, त्यामुळे लगेच कळवावे. आकडे चांगले दिसले म्हणून गोळ्या स्वतःहून कमी किंवा बंद करू नयेत.

जीव नकोसा वाटत असेल तर आकडा कितीही असो, रुग्णाला एकटे सोडू नये आणि त्याला जवळच्या रुग्णालयात न्यावे. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, मराठीतही.