पापड उन्हातला आणि ओव्हनमधला

मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. गच्चीवर साडी अंथरून नाचणीचे पापड वाळत घातलेले असतात आणि चटके सोसत कुणीतरी कावळे हाकलत असतं. त्या वेळी साडीच्या एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट इतकी शक्ती येऊन पडत असते, म्हणजे सेकंदाला 1000 ज्यूल. छोट्या इस्त्रीइतकी. फरक एवढाच की इस्त्रीला वायर असते, इथे मधे काहीच नाही. मग ही ऊर्जा येते कशातून?

प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लाट, हे शाळेत सांगितलेलं असतं. त्या लाटेत एक विद्युतक्षेत्र असतं आणि त्याच्याशी काटकोन करून एक चुंबकीय क्षेत्र. ऊर्जा या क्षेत्रांत, म्हणजे मोकळ्या जागेतच साठलेली असते, हे मॅक्सवेलने मांडलं होतं. पण ती कुठून कुठे आणि किती वेगाने वाहते, याचा हिशेब त्याने मांडला नव्हता. तो मांडला त्याच्या हाताखाली शिकलेल्या जॉन हेन्री पॉयंटिंगने, 1884 मध्ये. तेव्हा तो बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजात प्राध्यापक होता. ऑलिव्हर हेविसाइडही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला, पण नाव पॉयंटिंगचं लागलं.

त्याचं म्हणणं असं. जागेतल्या कुठल्याही बिंदूपाशी विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांचा सदिश गुणाकार करा. जे उत्तर येईल त्याचा आकडा सांगतो की तिथल्या एक चौरस मीटरमधून किती वॅट जात आहेत, आणि त्याची दिशा सांगते की ते कुठे जात आहेत. सूत्र एका ओळीचं आहे: S = E × B / μ₀. यातला S म्हणजे पॉयंटिंग सदिश.

दिशा उजव्या हाताने काढता येते. बोटं विद्युतक्षेत्राच्या दिशेने धरा, ती चुंबकीय क्षेत्राकडे वळवा. अंगठा ऊर्जेची वाट दाखवतो. आता प्रकाशात ही क्षेत्रं सेकंदाला सुमारे 5 लाख अब्ज आवर्तनं करतात. मग ऊर्जाही पुढे-मागे का होत नाही? कारण दोन्ही क्षेत्रं एकाच क्षणी उलटतात. बोटांची सुरुवातही उलटी, शेवटही उलटा, आणि अंगठा होता तिथेच. करून पाहा, मनगट थोडं वाकवावं लागेल. म्हणूनच ऊन सूर्याकडून पापडाकडेच येतं.

आता आकडे. मोकळ्या जागेतल्या लाटेत दोन्ही क्षेत्रांचं प्रमाण ठरलेलं असल्यामुळे हिशेब सोपा होतो: विद्युतक्षेत्राच्या परिणामी मूल्याचा वर्ग केला आणि 377 ने भागला की वॅट मिळतात. आपल्याला 1000 हवेत, तर विद्युतक्षेत्र मीटरला 614 व्होल्ट निघतं. चांगलंच मोठं आहे! धक्का बसत नाही, कारण ते इतक्या झपाट्याने दिशा बदलतं की शरीरातून प्रवाह एका बाजूला वाहायला सवडच मिळत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र किरकोळ, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जेमतेम विसावा भाग. होकायंत्राची सुई उन्हात हलत नाही, तीही याच भराभर उलटण्यामुळे.

मला याहून गमतीचा वाटतो तो साठ्याचा हिशेब. एक घनमीटर उन्हात कोणत्याही क्षणी ऊर्जा असते एका ज्यूलच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वातीन पट. जवळजवळ काहीच नाही. पण एका सेकंदात त्या साडीवर जो उन्हाचा खांब उतरतो, त्याची उंची असते 3 लाख किलोमीटर. शिल्लक अगदी थोडी, पण उलाढाल प्रचंड, अशा एखाद्या वाण्याच्या दुकानासारखा हा व्यवहार आहे.

तेच पापड आता मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये भाजायला ठेवू. इथलीही लाट विद्युतचुंबकीयच. बहुतेक घरगुती ओव्हनमध्ये ती सेकंदाला 245 कोटी आवर्तनं करते आणि तिची लांबी सव्वाबारा सेंटिमीटरच्या आसपास असते. पण ओव्हनच्या भिंती धातूच्या. लाट भिंतीवर आपटून परत फिरते, जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात आणि जागच्या जागी झुलणारी स्थायी लाट तयार होते. तिच्यात विद्युतक्षेत्र जिथे सर्वांत जोरात असतं तिथे चुंबकीय क्षेत्र शून्य असतं, आणि तिथून तीनेक सेंटिमीटरवर उलटी परिस्थिती. शिवाय एक भरात असतं तेव्हा दुसरं मावळलेलं असतं. ऊर्जा या दोन जागांमध्ये झोका घेत राहते. अंगठा एकदा इकडे, एकदा तिकडे. सरासरी काढली तर पॉयंटिंग सदिश शून्य.

इथेच भलेभले फसतात. नुसतं विद्युतक्षेत्र मोजून त्याचा वर्ग 377 ने भागायचा, ही रीत मोकळ्या, पुढे जाणाऱ्या लाटेपुरतीच खरी. ओव्हनमध्ये ती लावली तर जिथून सरासरी काहीच वाहत नाही तिथेही ढीगभर वॅट दिसतील. मीडियम वेव्ह रेडिओच्या मनोऱ्याशीही तोच घोळ होतो. तिथे लाटेची लांबी तीनशे मीटरच्या घरात असते आणि मनोऱ्यापासून साधारण पन्नास मीटरच्या आत बरीचशी ऊर्जा बाहेर न जाता मनोऱ्याकडेच ये-जा करत असते. तिथे दोन्ही क्षेत्रं वेगवेगळी मोजावी लागतात.

मग ओव्हनमध्ये पापड भाजतो कसा? पापडातला ओलावा लाटेतली थोडी ऊर्जा पिऊन टाकतो, त्यामुळे परतणारी लाट जाणाऱ्या लाटेपेक्षा जराशी दुबळी होते. ही तूट म्हणजेच पापडाच्या दिशेने वाहणारी खरी शक्ती. पापडाभोवती मनात एक बंद डबा कल्पून त्याच्या सर्व बाजूंनी आत येणारा पॉयंटिंग सदिश बेरजेला घेतला, तर पापड जितकी उष्णता घेतो तितकेच वॅट मिळतात. ओव्हन रिकामा चालवू नका असं सांगतात तेही याचमुळे: पिणारं कुणी नसेल तर बरीचशी ऊर्जा लाट निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉनकडेच परत जाते आणि तो तापतो.

घरी पडताळायचं असेल तर फिरणारी तबकडी आणि तिच्याखालचं कडं काढा. मधल्या खुंटीवर एक मोठी सपाट ताटली पालथी घाला, म्हणजे ती फिरणार नाही. ताटली काचेची हवी, स्टीलची नको. तिच्यावर पापड कडेला कड लावून ठेवा. ओव्हन सुरू करून समोरच उभे राहा आणि पहिले फुललेले ठिपके दिसताच बंद करा, नाहीतर पापड करपतील. शेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. ते 6 सेंटिमीटर भरलं तर त्याची दुप्पट करून 245 कोटींनी गुणा: सेकंदाला 2 लाख 94 हजार किलोमीटर. प्रकाशाचा वेग 3 लाखांच्या किंचित खाली आहे. ओव्हनमध्ये लाटा अनेक दिशांनी आपटत असल्यामुळे सगळे ठिपके सारख्या अंतरावर नसतात, तेव्हा चार-पाच जोड्या मोजून सरासरी घ्या.