आठपैकी सात कधीच का मिळत नाहीत?

माझी पुतणी चौथीत आहे. परवा ती मराठीची सरावपत्रिका घेऊन आली ती भांडायच्याच तयारीत. "काका, मला फक्त एकच शब्द येत नव्हता. मग माझे दोन गुण का गेले?"

प्रश्न नेहमीचाच होता. 'चौकटीतील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा. प्रत्येक शब्द एकदाच वापरा.' चौकटीत आठ समूहदर्शक शब्द होते: घड, जुडी, थवा, चवड, जुडगा, बेट, कळप, मोळी. खाली आठ जागा होत्या: भाकऱ्यांची, केळ्यांचा, बांबूचे, चाव्यांचा, कोथिंबिरीची, उसाची, मेंढ्यांचा, पाखरांचा. पुतणीने 'उसाची चवड' आणि 'भाकऱ्यांची मोळी' असं लिहिलं होतं. बाकी सहा बरोबर.

तिची तक्रार खरी होती. चवड म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मोळी तिने गोष्टीतल्या लाकूडतोड्याच्या डोक्यावरच पाहिली होती. "मोळी लाकडांची असते, उसाची कशी असेल?" असा तिचा सवाल. म्हणून अनोळखी चवड उसाला गेली आणि उरलेली मोळी भाकऱ्यांच्या वाट्याला आली. अज्ञान एका शब्दाचं, दंड दोन गुणांचा.

मी बरीच वर्षं मराठी शिकवली आणि असे प्रश्न शेकड्याने काढले. तरी हिशोब मांडला तो त्या दिवशी. जागा आठ, शब्द आठ आणि प्रत्येक शब्द एकदाच, असं असेल तर सगळ्या जागा भरणाऱ्या मुलाला आठपैकी सात कधीच मिळू शकत नाहीत. सात शब्द आपापल्या घरी गेले, की आठवा शब्द आणि आठवं घर एकमेकांसाठीच उरतात. एक चूक व्हायची तर त्या शब्दाने दुसऱ्याचं घर बळकावायला हवं, आणि मग घर गेलेला तो दुसराही चुकीच्या जागी जाणार. या प्रश्नात चुका जोडीने येतात किंवा तिघाचौघांच्या साखळीने. एकटी चूक येतच नाही. जागा कोरी सोडली किंवा नियम मोडून एक शब्द दोनदा लिहिला, तरच सात गुण शक्य.

म्हणून असा पेपर तपासताना आठ उत्तरं सुटी सुटी पाहू नयेत. चुकलेले शब्द कुणाच्या घरी गेले ते पाहावं. दोन शब्दांची अदलाबदल झाली असेल, तर गोंधळ बहुधा एकच आहे. पुतणीच्या बाबतीत तो मोळीचा होता: तिला शब्द येत होता, पण फार अरुंद अर्थाने. चवड अजिबातच येत नव्हती. आता गंमत पाहा. उसाचीही मोळी असते एवढं तिला माहीत असतं, तर चवड आपोआप भाकऱ्यांपाशी गेली असती, आठपैकी आठ मिळाले असते, आणि तिला चवड येते असं समजून सगळे निर्धास्त झाले असते. शेवटचा शब्द मूल लिहीत नाही, चौकट लिहिते.

गाळलेल्या जागांची कसोटी जुनी आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८९७ साली ब्रेस्लाउच्या शाळकरी मुलांसाठी तिचा वापर केला. १९५३ साली अमेरिकेत विल्सन टेलरने उताऱ्यातला ठरावीक अंतरावरचा, म्हणजे समजा दर पाचवा, शब्द गाळून तो उतारा वाचायला किती सोपा आहे हे मोजायची रीत काढली. त्या दोघांच्या कसोट्यांत चौकट नव्हती. शब्द स्वतःच्या डोक्यातून काढायचा होता. चौकट आली की काम बदलतं. आठवण्याऐवजी ओळखायचं असतं, आणि 'एकदाच वापरा' हा नियम आला की ओळखण्याच्या जोडीला वजाबाकीही येते.

मराठीत ही वजाबाकी आणखी सोपी होते. आमच्या त्या आठ जागा पुन्हा वाचा. भाकऱ्यांची, केळ्यांचा, बांबूचे. शब्द गाळला तरी त्याचं लिंग मागे राहिलंच आहे. 'बांबूचे' म्हटल्यावर नपुंसकलिंगी शब्द हवा, आणि चौकटीत तसा एकच आहे: बेट. अर्थ माहीत नसला तरी चालतं. 'ची'च्या तीन जागांसाठी चवड, जुडी, मोळी हे तीनच शब्द, आणि 'चा'च्या चार जागांसाठी घड, थवा, जुडगा, कळप हे चारच.

आठ शब्द आठ जागांत मांडायच्या एकूण ४०,३२० रीती आहेत. चा-ची-चे पाहून मांडले, की उरतात फक्त १४४. डोळे मिटून शब्द टाकणाऱ्या मुलाचं सरासरी एक उत्तर बरोबर येईल. जो फक्त लिंग जुळवतो, बाकी काही जाणत नाही, त्याची सरासरी तीन येतील. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ही मदत फुकट मिळते. ज्याची घरची भाषा वेगळी आहे त्याला ती मिळत नाही. प्रश्न शब्दांचा म्हणून काढला, आणि मोजलं गेलं भलतंच.

यावर मराठीतच एक उतारा आहे. 'चा, ची, चे' यांच्या जागी 'च्या' येईल अशी वाक्यं करायची. 'आजीने भाकऱ्यांच्या ____वर फडकं टाकलं.' 'मी चाव्यांच्या ____त कपाटाची चावी शोधली.' विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय पुढे आलं, की तिन्ही लिंगांना 'च्या'च लागतो आणि लिंगाचा सुगावा पुसला जातो. मात्र मुलाला आता चवडचं चवडी आणि जुडगाचं जुडग्या करावं लागेल. म्हणजे सामान्यरूपाचीही परीक्षा झाली. ती नको असेल, तर 'चवडवर' लिहिणाऱ्याचा गुण कापायचा नाही हे आधीच ठरवावं.

आता 'एकदाच' या नियमाची दुसरी बाजू. तो नुसता कंजूषपणा नाही, कधी कधी तोच निवाडा करतो. समजा चौकटीत घड आणि लोंगर आहेत, आणि जागा आहेत 'केळ्यांचा ____' व 'द्राक्षांचा ____'. केळ्यांचा घडही म्हणतात आणि लोंगरही. पहिल्या जागी घड लिहिणारं मूल भाषेच्या दृष्टीने चुकत नाही. पण मग द्राक्षांना लोंगर उरतो, आणि द्राक्षांचा लोंगर कुणी म्हणत नाही. म्हणून द्राक्षं आधी सोडवायची. तिथे घडच बसतो. तो खर्ची पडला की केळ्यांना लोंगर. पहिल्या ओळीचं उत्तर दुसऱ्या ओळीत दडलेलं असतं.

वरून खाली सरळ भरत जाणारी मुलं इथेच फसतात. पेन्सिलीने प्रत्येक जागेपाशी बसू शकणारे सगळे शब्द लिहावेत आणि जिथे एकच शब्द बसतो ती अडलेली जागा आधी भरावी. तो शब्द चौकटीत खोडला, की दुसरी एखादी जागा अडते. मग ती भरावी. सुडोकू सोडवणारे हेच करतात.

पण अशी अडलेली जागा सापडलीच नाही तर? तर दोष मुलाचा नाही, प्रश्न काढणाऱ्याचा आहे, आणि हे सिद्ध करता येतं. समजा एक बरोबर उत्तर आपल्याकडे आहे, आणि तरीही प्रत्येक जागेत किमान दोन शब्द बसतात. कुठलीही एक जागा घ्या आणि तिच्यात बसणारा दुसरा शब्द तिला द्या. तो ज्या जागेचा होता ती रिकामी झाली, तर तिला तिचा दुसरा शब्द द्या. असं पुढे पुढे जात राहिलं, की जागा मोजक्याच असल्यामुळे साखळी कधीतरी आधी येऊन गेलेल्या जागेवर परत येते. त्या वेढ्यातल्या जागांनी शब्द बदलून घेतले, की दुसरं तितकंच बरोबर उत्तर तयार. म्हणजेच, ज्या प्रश्नाला एकच उत्तर आहे त्यात निदान एक अडलेली जागा असतेच. ती भरल्यावर उरलेल्या प्रश्नालाही हाच नियम लागू, शेवटपर्यंत.

मी स्वतः एकदा 'मुलांचा ____' आणि 'यात्रेकरूंचा ____' यांच्यासाठी घोळका आणि जथा दिले होते. मनात मुलांचा घोळका, यात्रेकरूंचा जथा होता. पण यात्रेकरूंचा घोळका म्हटलं तर कुणाच्या कानाला खटकेल? मुलांचा जथाही चालून जातो. एकही जागा अडत नव्हती, आणि मी निम्म्या वर्गाचे गुण कापले होते.

दोन गुणांच्या दंडावर सरळ उपाय म्हणजे चौकटीत जादा शब्द घालणं. चीनमधल्या महाविद्यालयीन इंग्रजीच्या परीक्षेत अशा प्रश्नाला जागा १० असतात आणि शब्द १५, प्रत्येक एकदाच वापरायचा. शेवटची जागा मग फुकट मिळत नाही. पण जादा शब्द कुठल्याच जागेत बसता कामा नये, आणि इथे बोलीभाषा आडवी येते. मी आधी 'पेंढी' घालणार होतो, गवताची म्हणून. मग आठवलं, कोल्हापूरकडे कोथिंबिरीची पेंडी म्हणतात. तिकडच्या मुलाने ते लिहिलं, तर त्याला कुठल्या तोंडाने चूक म्हणायचं? शेवटी 'तुकडी' आणि 'ताटवा' घेतले. एक सैनिकांची, एक फुलझाडांचा. एक स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी, म्हणजे 'ची' आणि 'चा' या दोन्ही बाजूंना पर्याय वाढले.

त्याच आठ जागा आणि आता दहा शब्द, असा कागद मी पुतणीपुढे ठेवला. उसाची मोळी तिने या खेपेला बरोबर लिहिली. भाकऱ्यांपाशी मात्र बराच वेळ पेन्सिल चावत बसली आणि मग लिहिलं: 'भाकऱ्यांची तुकडी'. "तुकडे करूनच खातो ना आपण?"

आठपैकी सात. चवड चौकटीत तशीच पडून होती. तिला तो शब्द येत नाही, हे पहिल्यांदाच कागदावर दिसलं.