दुसऱ्या घावाने गप्प झालेले गाव

तालुक्याच्या गावातला मोबाइल टॉवर ग्राहकाच्या फोनशी हवेतून बोलतो, पण हवेतला प्रवास तेवढाच. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या यंत्रांपासून पुढचा बहुतेक मार्ग जमिनीखाली पुरलेल्या काचेच्या तंतूंतून जातो. कोणता ग्राहक कुठे आहे, त्याचे रिचार्ज शिल्लक आहे का, त्याचा कॉल कुणाकडे जोडायचा, हे ठरवणारी कंपनीची मुख्य यंत्रणा दूरच्या मोठ्या शहरात असते. एकाच गल्लीतल्या दोन घरांमधला कॉलसुद्धा तिला विचारल्याशिवाय लागत नाही. म्हणूनच केबल तुटते तेव्हा टॉवरला वीज असते, यंत्रे चालू असतात, तरी गावातल्या गावातही कुणाला कुणाशी बोलता येत नाही. मुख्य यंत्रणेशी संपर्क गेला हे लक्षात आल्यावर टॉवर बहुधा प्रक्षेपण थांबवतो आणि फोनवरच्या सिग्नलच्या काड्या नाहीशा होतात.

हे टाळण्यासाठी अशा गावांना दोन बाजूंनी जोडतात. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक केबल पश्चिमेच्या रस्त्याने येते, दुसरी पूर्वेकडून शेजारच्या तालुक्यातून वळसा घेऊन येते आणि दोन्ही मिळून एक कडे तयार होते. या क्षेत्रातले लोक त्याला रिंग म्हणतात. एक बाजू तुटली की उपकरणे स्वतःहून दुसरीकडे वळतात. चांगल्या रिंगमध्ये याला ५० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे चालू असलेला कॉलही तुटत नाही. या सोयीतच एक धोका आहे. पहिली तूट कुणालाच जाणवत नाही. गावातून एकही तक्रार येत नाही आणि दुरुस्ती ‘उद्या सकाळी’वर जाते. त्या वेळेपुरते गाव एकाच धाग्यावर लटकलेले असते.

नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षाला एनओसी म्हणतात. तिथल्या रात्रपाळीच्या इंजिनिअरचे खरे काम अशाच वेळी दिसते. पुढचे उदाहरण एका काल्पनिक गावाचे आहे, पण त्यातला क्रम अशा रात्रींचा नेहमीचाच आहे. गावाची पश्चिमेकडची केबल ३८ किलोमीटरची आणि पूर्वेकडची ४६ किलोमीटरची. संध्याकाळी सात वाजण्याच्या सुमारास पूर्वेकडे नव्या पुलाच्या कामात केबल तुटली. तुटलेली जागा भरावाच्या ढिगाखाली गेली होती. ढीग उपसायला मशीन लागणार आणि ते सकाळीच मिळणार होते. रिंगने आपले काम केले, गावाला काही कळले नाही. रात्री २ वाजून १७ मिनिटांनी पश्चिमेची बाजूही गेली.

एनओसीच्या पडद्यावर त्या क्षणी अलार्मची रांग लागते. बारा टॉवर, प्रत्येक टॉवरवर टूजी आणि फोरजीची वेगवेगळी यंत्रे, प्रत्येकाचे वेगळे अलार्म. नवखा माणूस त्या यादीत वरून खाली वाचत सुटतो. अनुभवी इंजिनिअर आधी वेळ बघतो. बाराही टॉवर एकाच सेकंदाला गेले असतील, तर दोष टॉवरचा नसतो. मग तो मागचा अर्धा तास तपासतो. वीज गेली असती तर आधी वीजपुरवठा बंद झाल्याचा आणि मग बॅटरी उतरत असल्याचा अलार्म आला असता, आणि टॉवर आपापल्या बॅटरीप्रमाणे एकेक करून गेले असते. तसे काहीच झालेले नाही. उरतो तो मार्ग.

इथे एक अडचण असते. गावातली उपकरणे आपली तक्रार ज्या तंतूवरून पाठवतात, तोच तंतू तुटलेला असतो. त्यामुळे पडद्यावरचे बहुतेक लाल ठिपके फक्त ‘उत्तर येत नाही’ एवढेच सांगतात. खरी साक्ष देते ते कड्यातले शेवटचे जिवंत उपकरण, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचे. त्याच्या पश्चिमेकडच्या पोर्टवर `LOS` हा अलार्म असतो. समोरून येणारा प्रकाश पूर्ण थांबला, असा त्याचा अर्थ. प्रकाश हळूहळू मंद होत गेला असता तर वाकलेल्या तंतूचा किंवा मळलेल्या कनेक्टरचा संशय घेता आला असता. नोंदीत मात्र २ वाजून १७ मिनिटांपर्यंतचे वाचन अगदी ठीक आणि नंतर काहीच नाही. असा कडेलोट बहुधा केबल कापली गेल्याचाच असतो.

पण ३८ किलोमीटरमध्ये नेमकी कुठे? त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या तंत्रज्ञाला झोपेतून उठवून स्टेशनवर पाठवावे लागते. काही ठिकाणी मोजणीचे यंत्र कायमचे बसवलेले असते आणि एनओसीतूनच चालवता येते, पण लहान मार्गांवर ही चैन क्वचितच असते. या यंत्राचे नाव ओटीडीआर. ते तंतूत प्रकाशाचा अतिशय छोटा झोत सोडते आणि परत येणाऱ्या क्षीण प्रकाशाची वेळ मोजते. दरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून समोरच्या कड्याचे अंतर ओळखावे, तशीच ही युक्ती. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख ४ हजार किलोमीटर जातो. आपल्या उदाहरणात परतीचा प्रकाश २२९ मायक्रोसेकंदांनंतर संपतो. जाणे आणि येणे मिळून एवढा वेळ, म्हणजे तंतू २३.४ किलोमीटरवर तुटलेला आहे.

हा आकडा जसाच्या तसा फील्ड टीमला दिला तर टीम चुकीच्या जागी उभी राहते. २३.४ किलोमीटर ही तंतूची लांबी आहे, रस्त्याची नव्हे. केबलच्या आत तंतू किंचित पीळ घेऊन बसवलेले असतात, त्यामुळे तंतू केबलपेक्षा साधारण एक टक्का लांब भरतो. शिवाय दर दोन किलोमीटरला, जिथे केबलचे एक रीळ संपून दुसरे सुरू होते, तिथे पुढच्या दुरुस्तीसाठी वीसेक मीटर केबल गुंडाळून पुरलेली असते. २३ किलोमीटरपर्यंत असे अकरा जॉइंट येतात. सगळा हिशेब केला की रस्त्यावरची जागा जवळपास साडेचारशे मीटर अलीकडे निघते. रात्रीच्या अंधारात साडेचारशे मीटर म्हणजे एखादा तास वाया.

म्हणून जाणकार इंजिनिअर सुरुवातीपासूनचे अंतर सांगत नाही. ओटीडीआरच्या आलेखावर प्रत्येक जॉइंट छोट्या पायरीसारखा दिसू शकतो. अकरावा जॉइंट २२.२ किलोमीटरवर दिसत असेल, तर तुटलेली जागा त्याच्या पुढे १.२ किलोमीटरवर आहे. एवढ्या छोट्या अंतरात पिळाची आणि गुंडाळीची चूक वीसेक मीटरच राहते. टीमला सांगायचे ते असे: अकराव्या जॉइंटच्या चेंबरपासून गावाच्या दिशेने ११८० मीटर. मार्गाचा नकाशा नीट ठेवलेला असेल तरच हे जमते. जुन्या दुरुस्तीत कुणी मध्येच केबल वाढवली आणि नोंद केली नाही, तर तो जॉइंट अकरावा की बारावा, इथपासून वाद सुरू होतो.

आता निर्णयाची वेळ येते. त्या भागात तंतू जोडायचे मशीन असलेली टीम एकच आहे आणि तुटी दोन आहेत. गाव परत जोडायला कोणतीही एक बाजू पुरेशी असते. पूर्वेकडची जागा संध्याकाळपासून माहीत आहे, पण ती ढिगाखाली आहे. पश्चिमेकडची नकाशावर रुंदीकरण चालू असलेल्या रस्त्याच्या कडेला पडते, म्हणजे वाहन थेट पोहोचते आणि काम करणारा जेसीबीही बहुधा तिथेच असतो. टीम पश्चिमेला जाते.

जेसीबीने तोडलेली केबल कात्रीने कापल्यासारखी तुटत नाही. बकेट तिला ओढते, आणि तंतू दिसणाऱ्या टोकाच्या मागेही काही मीटर आतल्या आत तुटलेले असतात. म्हणून दोन्हीकडची खराब केबल कापून टाकावी लागते आणि मध्ये नवा तुकडा घालावा लागतो. एकाऐवजी दोन जॉइंट होतात. केबल २४ तंतूंची असेल तर ४८ जोड. तंतूवरचे आवरण सोलायचे, अल्कोहोलने पुसायचे, टोक काटकोनात छाटायचे, मशीनमध्ये ठिणगीने वितळवून जोडायचे आणि वर संरक्षक नळी चढवायची. एकेका जोडाला काही मिनिटे जातात. धुळीत, बॅटरीच्या उजेडात त्याहून जास्त.

इथे एनओसीतल्या इंजिनिअरचे एक वाक्य दोन तास वाचवते: आधी पहिल्या नळीतले निळा आणि नारिंगी जोडा. केबलमधल्या प्रत्येक तंतूला ठरलेला रंग असतो. या गावाची रिंग त्या दोन तंतूंवर चालते, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. दोन तंतू, प्रत्येकी दोन जोड, म्हणजे ४८ पैकी फक्त चार जोडांनी गाव परत येते. बाकीचे तंतू दुसऱ्या कामांचे किंवा राखीव असतात, ते मागाहून होतात.

चौथा जोड झाला की पडद्यावर आधी प्रकाशाचे वाचन उमटते. तूट होण्यापूर्वी ते उणे ११.२ होते, आता उणे ११.६ आले तर काम नीट झाले. उणे १७ आले तर सेवा कदाचित सुरू होईल, पण जॉइंटच्या डब्यात एखादा तंतू घट्ट वाकलेला आहे हे नक्की, आणि डबा बंद करण्याआधीच तो सोडवून घ्यायला हवा. टॉवर त्यानंतर काही मिनिटांत एकेक करून हिरवे होतात. गावातले सगळे फोन मात्र लगेच जागे होत नाहीत. बराच वेळ नेटवर्क न मिळालेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी शोध विरळ करतो. फोनचा फ्लाइट मोड चालू करून बंद केला की तो लगेच नव्याने शोधतो.

तोवर गावाचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. ११२ हा आपत्कालीन क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरूनही लागू शकतो, पण तेव्हाच, जेव्हा दुसरे नेटवर्क जिवंत असते. छोट्या गावात अनेकदा दोन-तीन कंपन्या एकाच केबलमधले तंतू भाड्याने वापरतात आणि एकाच घावाने सगळ्या गप्प होतात. नियमही इथे तोकडे पडतात. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार एखाद्या जिल्ह्यातली सेवा चार तासांहून जास्त बंद राहिली तर ती ट्रायला २४ तासांच्या आत कळवावी लागते. एका तालुक्याच्या गावाने तीन तास फोनविना काढले, तर त्या मापात ते बसत नाही. ज्या घरात त्या रात्री रुग्णवाहिका बोलवायची होती, त्यांच्यासाठी हे माप चुकीचे आहे.

खोदकामाआधी केबलवाल्यांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. बेताल खोदकामाने दरवर्षी सुमारे १० लाख ठिकाणी केबल तुटतात आणि सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारनेच सांगितले होते. अ‍ॅप कंत्राटदाराच्या कार्यालयात असून भागत नाही, त्याची सूचना रात्री मशीन चालवणाऱ्यापर्यंत पोहोचावी लागते.

पाळी संपताना गाव चालू असते, तरी इंजिनिअर पूर्वेकडचे तिकीट बंद करत नाही. हस्तांतराच्या नोंदीत तो पहिल्या ओळीत लिहितो की रिंग उघडी आहे, पश्चिमेची एकच बाजू चालू आहे, त्या बाजूवर आज कोणतेही नियोजित काम घेऊ नये आणि पुलाजवळची तूट प्राधान्याने दुरुस्त व्हावी. ती झाल्यावर पूर्वेकडचे प्रकाशाचे वाचन जुन्या नोंदीशी ताडून पाहतात. मग पुढच्या एखाद्या रात्री, गर्दी सर्वांत कमी असताना, वाहतूक मुद्दाम एका बाजूवरून दुसरीवर नेऊन परत आणतात. ती न अडखळता गेली आणि आली, की मगच दोन्ही तिकिटे बंद होतात.